रुंद आणि वेगवान: एका स्ट्रिपवरचा वाद

ईसीजीची स्ट्रिप कशी शिकवायची, यावर वर्गातली शिक्षिका आणि आयसीयूतली सिस्टर यांचं एकमत क्वचितच होतं. या दोघींचंही नव्हतं. मॅडम नर्सिंग कॉलेजात शिकवतात, सिस्टर हृदयरोग विभागाच्या आयसीयूच्या इन्चार्ज आहेत. सगळ्या धोकादायक ठेक्यांवर एकदम बोलायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. चर्चेला एकच चित्र घेतलं: ठोके वेगाने पडताहेत आणि प्रत्येक ठोका रुंद आहे. मॉनिटरवर सगळ्यांत जास्त फसवणारं चित्र हेच आहे, आणि विद्यार्थी घाईत गडबडतात तेही इथेच.

सिस्टर: मॅडम, तुमचे विद्यार्थी पोस्टिंगला येतात आणि अलार्म वाजला की स्ट्रिप हातात घेऊन चौकटी मोजत बसतात. पी लहर आहे का, पीआर किती, क्यूआरएस किती. तोवर मी पेशंटच्या मानेवर हात ठेवून मोकळी झालेली असते. त्यांना चार चित्रं डोळ्यांनी ओळखायला शिकवा. रुंद आणि वेगवान दिसलं की व्हीटी म्हणायचं आणि क्रॅश कार्ट ओढायची. बाकीचं नंतर.

मॅडम: आणि ती व्हीटी नसली तर? पेशंट दात घासत असेल तर?

सिस्टर: तो प्रकार मला माहीत आहे.

मॅडम: तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही हजारो स्ट्रिपा पाहिल्यात. विद्यार्थ्याजवळ तो साठा नाही. त्याच्याजवळ क्रम आहे, तोच काढून घेतला तर त्याने कशाचा आधार घ्यायचा? म्हणून मी पहिल्या तासाला कागदच शिकवते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. बारीक चौकट 0.04 सेकंदाची, पाच बारीक चौकटींची एक मोठी, म्हणजे 0.20 सेकंद. मग ठोके नियमित आहेत का, दर मिनिटाला किती, पी लहर दिसते का, प्रत्येक पीनंतर क्यूआरएस येतो का, पीआर 0.12 ते 0.20 सेकंदांत बसतो का आणि शेवटी क्यूआरएसची रुंदी. तीन बारीक चौकटींच्या आत असेल तर अरुंद, तीन किंवा जास्त भरल्या तर रुंद.

सिस्टर: या क्रमाला माझी हरकत नाही. तो अलार्म वाजल्यावर सुरू करण्याला आहे.

इथे मॅडमनी एक जुनी स्ट्रिप पुढे केली. वरचं नाव कापलेलं होतं. सुरुवातीचे तीन ठोके अगदी स्वच्छ, आणि मग एकदम मोठमोठ्या रुंद लाटा, मिनिटाला तीनशेच्या आसपास. कोणीही व्हीटी म्हणेल अशी.

मॅडम: ही तरुण बाई पलंगावर बसून ब्रश करत होती. आता ती बाई समोर नाही, फक्त कागद आहे, असं समजा आणि सांगा.

सिस्टरनी कॅलिपर मागितला नाही. एका कोऱ्या कागदाची कड स्ट्रिपवर ठेवली आणि स्वच्छ ठोक्यांपैकी दोन आर टोकांवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. मधलं अंतर 19 बारीक चौकटी, म्हणजे 1500 भागिले 19, मिनिटाला साधारण 79. मग तोच कागद त्यांनी एकेक अंतर पुढे सरकवत मोठ्या लाटांत नेला. खूण जिथे पडायची, नेमकी तिथे प्रत्येक वेळी लाटेच्या अंगावर एक बारीक टोकदार खाच दिसत होती. बाईचा स्वतःचा ठेका त्या गोंधळाच्या आतून 79 नेच चालला होता. हलत्या हाताने आणि सैल इलेक्ट्रोडने काढलेल्या लाटा वरून पसरल्या होत्या, एवढंच.

मॅडम: बघा, मोजूनच सापडलं.

सिस्टर: सापडलं, नाकारत नाही. पण पलंगाजवळ असते तर मी सॅच्युरेशनची लाट पाहिली असती. बोटाच्या प्रोबची लाट पहिल्यासारखी 79 ने चालू असेल, तर हृदय तीनशेने धडधडत नाहीये. आर्टिरियल लाइन असेल तर ती आणखी स्पष्ट सांगते. आणि समोर ब्रश हातात धरून माझ्याकडे बघणारी बाई दिसली असती.

मॅडम: आणि हीच बाई बघायला कोणी गेलंच नाही तर? 1999 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा बारा पेशंटची हकिगत छापून आली. हालचालीचा गोंधळ व्हीटी समजला गेला, आणि त्यापायी काहींची कॅथेटर घालून हृदयतपासणी झाली, एकाच्या छातीत डिफिब्रिलेटरसुद्धा बसवला गेला. ते सगळे शिकलेले लोक होते.

हे उदाहरण मला दोघींच्याही बाजूचं वाटलं. कागद नीट वाचला असता तर चूक टळली असती, आणि पेशंटकडे नीट पाहिलं असतं तरीही टळली असती. मात्र मॉनिटरच्या लाटा खऱ्या की खोट्या हे ठरवण्यापलीकडे, खऱ्या रुंद ठोक्यांचं काय करायचं, हा प्रश्न अजून बाकी होता. सिस्टरनी तो आपल्या पेशंटवरून मांडला.

सिस्टर: अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, पंपिंग कमी. दम लागतो म्हणून ॲडमिट, दोन दिवस लघवीचं इंजेक्शन चालू. रात्री पावणेतीनला अलार्म. मॉनिटरवर रुंद, वेगवान, एकसारखे ठोके. मी पलंगाशी गेले. ते जागे होते, छातीत धडधडतंय म्हणाले. नाडी हाताला लागत होती, बीपी 104/70. आता तुमचे विद्यार्थी काय करतील?

मॅडम: स्ट्रिप काढतील. काढलीत ना?

सिस्टर: काढली. ही घ्या.

मॅडमनी ती उजेडात धरली. ठोके नियमित. दोन आर टोकांमध्ये 9 बारीक चौकटी, म्हणजे मिनिटाला 167. पडताळा म्हणून सहा सेकंदांतले, म्हणजे तीस मोठ्या चौकटींतले ठोके मोजले. सतरा भरले, दहाने गुणून 170. क्यूआरएस 4 बारीक चौकटींचा, 0.16 सेकंद.

मॅडम: आता इथे शब्द जपून वापरायला हवेत. क्यूआरएस रुंद का होतो? वरून येणारा विजेचा संदेश हिसच्या गठ्ठ्यातून आणि त्याच्या डाव्या-उजव्या फांद्यांतून खाली उतरतो. तो हमरस्ता आहे. तिथून गेलं की दोन्ही जवनिका जवळजवळ एकाच वेळी पेटतात आणि क्यूआरएस अरुंद येतो. संदेश खाली जवनिकेतच जन्मला तर त्याला स्नायूतून पेशी-पेशी करत जावं लागतं. वेळ लागतो, म्हणून रुंद. पण संदेश वरचाच असेल आणि एक फांदी बंद असेल, तरी क्यूआरएस रुंदच येतो. म्हणजे नुसत्या रुंदीवरून ही व्हीटी की फांदी अडलेली एसव्हीटी, हे कळत नाही. तुमचे रेसिडेंट डॉक्टर काय म्हणाले?

सिस्टर: बीपी चांगलं आहे, पेशंट बोलतोय, म्हणजे एसव्हीटी असणार, असं म्हणाले. व्हेरापामिलचं नाव काढलं.

मॅडम: आणि तुम्ही?

सिस्टर: मी म्हटलं, सर, यांना जुना अटॅक आहे. अटॅकचा व्रण असलेल्या हृदयात रुंद आणि वेगवान ठेका म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत व्हीटीच धरायची. व्हीटीला व्हेरापामिल दिलं तर बीपी कोसळतं, पेशंट हातचा जाऊ शकतो. बीपी चांगलं आहे म्हणून व्हीटी नाही, हा समज मी किती जणांच्या तोंडून ऐकलाय. व्हीटीतही माणूस अर्धा तास बसून गप्पा मारू शकतो.

मॅडम: हे विद्यार्थ्यांच्या वहीत मी स्वतः लिहून देईन. पण पुरावा कागदावरही आहे, तो तुम्ही पाहिलात का?

त्यांनी पुन्हा कागदाची कड घेतली. रुंद ठोक्यांच्या मधून, कधी टी लहरीच्या उतारावर, कधी क्यूआरएसच्या लगेच पुढे, छोटे गोल उंचवटे दिसत होते. दोन स्पष्ट उंचवट्यांमधलं अंतर 17 बारीक चौकटी निघालं. तेच अंतर पुढे सरकवलं तर बहुतेक ठिकाणी उंचवटा सापडायचा. जिथे नाही, तिथे तो क्यूआरएसमध्ये दडला होता. म्हणजे कर्णिका मिनिटाला 88 ने, जवनिका 167 ने, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. शिवाय बाराव्या ठोक्याशी एक क्यूआरएस एकदम अरुंद होता, हुबेहूब त्या गृहस्थांच्या दिवसाच्या स्ट्रिपवरच्यासारखा.

मॅडम: हा पकडलेला ठोका. वरचा संदेश नेमक्या मोकळ्या क्षणी पोचला आणि त्याने एका ठोक्यापुरत्या जवनिका ताब्यात घेतल्या. फांदी कायमची बंद असती तर हा अरुंद आलाच नसता. कर्णिका-जवनिकांची फारकत आणि असा ठोका, दोन्ही दिसले की व्हीटी पक्की.

सिस्टर: हे मला रात्री पावणेतीनला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी तेच केलं असतं.

मॅडम: हे तुम्हाला जुना अटॅक माहीत होता म्हणून. पेशंट नुकताच कॅज्युअल्टीतून आला असता, फाइल नसती, तर हे उंचवटेच बोलले असते. आणि सगळ्याच व्हीटींत ते दिसत नाहीत, हेही मी सांगते. न दिसल्याने व्हीटी नाही असं ठरत नाही. दिसले तर ठरलं, न दिसले तर तुमचाच नियम, व्हीटी धरून चालायचं.

सिस्टर: मग पुढचं ऐका. बारा लीडचा ईसीजी काढला, पेशंटला ऑक्सिजनची गरज आहे का पाहिलं, चालू असलेली शिरेची लाइन तपासली, पॅड छातीवर चिकटवून ठेवले, रक्त पोटॅशियमला पाठवलं. डॉक्टरांनी ॲमिओडॅरोन 150 मिलिग्रॅम दहा मिनिटांत द्यायला सांगितलं. पाच-सहा मिनिटं गेली असतील, ते गृहस्थ उत्तरं देईनासे झाले. हात थंड, बीपी 70. नाडी मात्र लागत होती, बारीक. मॉनिटरवरचं चित्र तेच, 167, रुंद. मॅडम, कागदावर काही बदललं का?

मॅडम: काही नाही.

सिस्टर: आणि उपचार पूर्ण बदलला. आता औषधाची वाट बघायची नाही, शॉक द्यायचा. पण नाडी आहे म्हणून सिंक लावून.

मॅडम: सिंक का, हे सांगा. विद्यार्थी हे पाठ करतात, पण कळत नाही.

सिस्टर: टी लहरीच्या चढावर जवनिकेचे काही भाग तयार झालेले असतात, काही नसतात. त्या क्षणी शॉक पडला तर व्हीएफ होऊ शकतं. सिंक दाबलं की मशीन प्रत्येक आर टोकावर खूण दाखवतं आणि शॉक त्या खुणेवरच सोडतं. म्हणून आधी खुणा क्यूआरएसवरच पडताहेत, उंच टी लहरीवर नाहीत, हे डोळ्यांनी पाहायचं. झोपेचं औषध दिलं, 100 ज्यूलवर लावलं, सगळे बाजूला झाले. आणि बटण दाबून धरलं. नवीन मुलं बटण दाबून लगेच सोडतात आणि शॉक पडला नाही म्हणून मशीन बिघडलं म्हणतात. मशीन आर टोकाची वाट बघत असतं, तेवढं दाबून ठेवावं लागतं. एका शॉकमध्ये ठेका सायनसवर आला, 84. क्यूआरएस अरुंद. पोटॅशियमचा रिपोर्ट आला 2.9. लघवीच्या इंजेक्शनने उतरलं होतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दिलं नसतं तर व्हीटी पुन्हा आली असती.

मॅडम: समजा सहाव्या मिनिटाला नाडी लागली नसती?

सिस्टर: तर सिंकचा प्रश्नच नाही. मानेची नाडी दहा सेकंदांहून जास्त शोधायची नाही. लागली नाही की छातीवर दाब सुरू, मिनिटाला 100 ते 120, आणि चार्ज होताच सिंक बंद करून शॉक. व्हीएफमध्येही तेच. सिंक चालू राहिलं तर व्हीएफमध्ये मशीन आर टोक शोधत बसतं, ते नसतंच, आणि शॉक पडतच नाही. सिंकने शॉक देताना व्हीएफ झालं तर पहिला हात सिंक बंद करायला गेला पाहिजे. आणि तुमची व्हीटी की एसव्हीटी ही चर्चा त्या वेळी कुणी काढू नये. नाडी नाही, ठेका रुंद आणि वेगवान, एवढ्यावर शॉक ठरला.

मॅडम थोड्या थांबल्या. त्यांचं पुढचं वाक्य मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत कामाचं वाटतं, कारण पाठ्यपुस्तकांत सहा पायऱ्या एका ओळीत छापलेल्या असतात आणि नाडी त्या ओळीत कुठेच नसते.

मॅडम: म्हणजे पायऱ्यांच्या आधी फाटा आहे. नाडी लागत नसेल तर स्ट्रिपला एकच प्रश्न विचारायचा: शॉक लागणारा ठेका आहे की नाही? व्हीएफ आणि नाडी नसलेली व्हीटी एका बाजूला, सपाट रेषा आणि नाडीविना चाललेला नीटस ठेका दुसऱ्या बाजूला. नाडी लागत असेल तर मात्र माझ्या सगळ्या पायऱ्या, कारण मग व्हीटी की एसव्हीटी यावर औषध ठरतं.

सिस्टर: नीटस ठेक्याचं आवर्जून सांगा. मॉनिटरवर सत्तरचा सुंदर सायनस आणि हाताखाली नाडी नाही, हे मी पाहिलंय. शेजारी उभा असलेला विद्यार्थी म्हणत होता, सिस्टर, नॉर्मल आहे. मॉनिटर फक्त वीज दाखवतो. वीज चालली म्हणजे पंप चालला असं नाही. तिथे शॉक कामाचा नाही. छातीवर दाब, ॲड्रेनलिन आणि कारण शोधणं.

मॅडम: सपाट रेषेला मी आणखी एक सांगते. लीड निघाली आहे का, दुसऱ्या लीडमध्येही सपाटच आहे का आणि गेन कमी पडलाय का, हे पाहायचं. बारीक व्हीएफ कमी गेनवर सपाट दिसतं.

सिस्टर: पाहायचं, पण दाब न थांबवता. दुसऱ्या माणसाने पाहायचं.

मॅडम: मान्य. आता माझी एक अट. रुंद आणि वेगवान ठेक्यात ठोक्यांची उंची सारखी आहे की नाही, हे नाडी असलेल्या पेशंटमध्ये पाहिलंच पाहिजे. टोकं कधी वर, कधी खाली, आसाभोवती पिळल्यासारखी फिरत असतील आणि आधीच्या स्ट्रिपवर क्यूटी लांबलेला असेल, तर ते टोरसाड. तिथे ॲमिओडॅरोन दिलं तर क्यूटी आणखी लांबेल. तिथे मॅग्नेशियम 2 ग्रॅम. तुमच्या चार चित्रांत हे वेगळं दिसणार नाही.

सिस्टर: माझ्या चित्रांत ते पाचवं आहे. आणि क्यूटी आधीच्या स्ट्रिपवर पाहायचा, हे तुम्ही बरोबर सांगितलं. म्हणून मी प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला एक स्ट्रिप काढून ठेवायला लावते. हॅलोपेरिडॉल, ॲझिथ्रोमायसिन चालू असलेल्या पेशंटची तर नक्कीच. गडबडीच्या वेळी तुलना करायला काही तरी हवं. तुमच्या बाईच्या ब्रशच्या स्ट्रिपवर पहिले तीन स्वच्छ ठोके नसते तर तुम्ही काय मोजलं असतं?

मॅडम: तोच तर मोजण्याचा मुद्दा आहे, शांत वेळेचा. पायऱ्या शिफ्टच्या सुरुवातीला करायच्या, अलार्मच्या वेळी नाही. तेव्हा मोजलेला पीआर आणि क्यूआरएस वहीत लिहिलेला असला की रात्री नुसत्या नजरेने फरक कळतो.

सिस्टर: मग आपण एवढा वेळ भांडतोय कशावर?

मॅडम: परीक्षेवर. माझ्या पेपरात स्ट्रिप छापलेली असते आणि खाली प्रश्न असतो, ठेका ओळखा. तुमच्या म्हणण्याने तो प्रश्नच अपुरा आहे. मी स्ट्रिपखाली बीपी आणि नाडी छापायला तयार आहे.

सिस्टर: छापू नका. छापलं की विद्यार्थी वाचतो, विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्याने ते विचारावं असं मला वाटतं.

मॅडम: लेखी परीक्षेत विचारणार कोणाला? सत्तर मुलं आहेत.

सिस्टर: मग प्रात्यक्षिकात घ्या. माझ्या आयसीयूत, पुतळा आणि सिम्युलेटर लावून. स्ट्रिप दाखवायची आणि गप्प राहायचं. दहा सेकंदांत त्याचा हात मानेकडे गेला किंवा त्याने नाडी विचारली, तर निम्मे गुण. उरलेले निम्मे तुमच्या चौकटींना.

मॅडम: निम्मे फार झाले. तीस टक्के. आणि विचारल्यावर उत्तर कोण देणार, तुम्ही की मी?

सिस्टर: मी देईन. पण दरवेळी एकच देणार नाही. तीच 167 ची स्ट्रिप, एकाला सांगेन नाडी लागते आणि पेशंट बोलतोय, दुसऱ्याला नाडी लागते पण बीपी 70, तिसऱ्याला लागत नाही. तिघांची उत्तरं वेगळी आली पाहिजेत, आणि दुसऱ्याने सिंकचं बटण स्वतः शोधलं पाहिजे.

मॅडम: तिसऱ्याने ते बंद आहे ना, हे तपासलं पाहिजे. ते माझ्या गुणांत धरा.